लेखकांसाठीच्या सूचना: कोणता नियम कधी वाचायचा

वैद्यकीय महाविद्यालयांच्या पदव्युत्तर विभागांत एक कागद हातोहात फिरत असतो. थीसिसच्या कामातून पहिला शोधनिबंध लिहू पाहणाऱ्या ज्युनियरला तो सीनियरकडून मिळतो. एखाद्या नियतकालिकाने लेखकांसाठी दिलेल्या सूचनांचा तो सारांश असतो आणि बहुतेक वेळा तो चार भागांत लिहिलेला असतो: मांडणी, लांबी, नैतिकता आणि पाठवण्याची पद्धत. मांडणीच्या भागात फाँट, ओळींमधले अंतर, संदर्भांची शैली असे दहा-बारा मुद्दे असतात. नैतिकतेच्या भागात एकच ओळ असते: ‘एथिक्स कमिटीची मान्यता आवश्यक.’

ही ओळ चुकीची नाही. पण ती ज्या जागी आहे आणि ज्या वेळी विद्यार्थ्याच्या हाती पडते, त्यामुळे ती निरुपयोगी ठरते. निबंध लिहायला बसलेल्या माणसाला मान्यता आवश्यक आहे हे सांगून काय उपयोग? ती घ्यायची वेळ दीड-दोन वर्षांपूर्वीच निघून गेलेली असते. मांडणीतली चूक संपादकीय कार्यालय दुरुस्त करायला परत पाठवते आणि ती एका संध्याकाळी दुरुस्त होते. निबंधाचा सारांश तीनशे शब्दांच्या वर गेला असेल तर तो कापता येतो. संशोधनात भाग घेणाऱ्यांची संमती घ्यायची राहिली असेल तर मात्र ती मागे जाऊन घेता येत नाही. म्हणून माझे म्हणणे असे की नवख्या संशोधकासाठी सूचनांचा सारांश करायचा तर विषयवार चार भाग करून थांबू नये. कोणती चूक किती उशिरापर्यंत सुधारता येते, या क्रमाने तो लावावा. जे सुधारता येत नाही ते सर्वांत वर आणि सर्वांत सविस्तर. जे केव्हाही सुधारता येते ते खाली आणि थोडक्यात.

हे हवेत सांगण्यापेक्षा एक नियतकालिक आणि एक अभ्यास समोर ठेवू. नियतकालिक ‘प्लॉस वन’. 2006 साली अमेरिकेतून सुरू झालेले हे नियतकालिक कोणालाही मोफत वाचता येते. निष्कर्ष किती नवा किंवा किती महत्त्वाचा, यापेक्षा काम शास्त्रीय दृष्टीने पक्के आहे का, यावर ते निबंध निवडते. या धोरणामुळे आपल्याकडचे अनेक संशोधक पहिला निबंध तिकडे पाठवायचा विचार करतात. आणि याच धोरणामुळे त्याच्या सूचना पद्धती, नैतिकता आणि डेटा यांविषयी फार काटेकोर आहेत. नावीन्याची चाळणी लावायची नाही म्हटल्यावर दुसरी चाळणी बारीक ठेवावी लागते.

अभ्यास काल्पनिक, पण आपल्या ओळखीचा. समजा, कम्युनिटी मेडिसिनची एक निवासी डॉक्टर नंदुरबार जिल्ह्यातल्या आश्रमशाळांतील बारा ते सतरा वर्षांच्या मुलींचे हिमोग्लोबिन तपासते. बोट टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा, यंत्रावर आकडा पाहायचा, आहार आणि मासिक पाळीविषयी प्रश्नावली भरून घ्यायची. थीसिस झाला, परीक्षा झाली, आता निबंध लिहायचा आहे.

या अभ्यासासाठी ‘प्लॉस वन’च्या नैतिकतेच्या सूचना नेमके काय मागतात? निबंधाच्या पद्धती विभागात ज्या समितीने मान्यता दिली तिचे पूर्ण नाव हवे. मान्यतेचा क्रमांक हवा. संमती लेखी होती की तोंडी ते हवे. तोंडी असेल तर लेखी का घेतली नाही आणि तोंडी संमतीची नोंद कशी ठेवली हेही हवे. सहभागी अल्पवयीन असतील तर पालकांची संमती घेतली होती का, हे स्पष्ट लिहायला हवे. समितीने संमतीची अट माफ केली असेल तर तसे सांगायला हवे. सगळे संशोधन हेलसिंकी जाहीरनाम्यातल्या तत्त्वांना धरून झालेले असावे, ही अट तर मुळातच आहे.

आता या मागणीकडे आश्रमशाळेच्या आवारात उभे राहून पाहू. आश्रमशाळा निवासी असते. आईवडील दूरच्या पाड्यावर असतात आणि दिवाळीनंतर त्यांतले कितीतरी जण ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेले असतात. अभ्यास करणाऱ्या डॉक्टरने आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प अधिकाऱ्याचे पत्र घेतलेले असते, मुख्याध्यापकांची सही घेतलेली असते. दोन्ही कागद लागतातच. पण यांतला एकही कागद संमती नव्हे. ती संस्थेच्या आवारात येऊन काम करण्याची परवानगी झाली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची संमती लागते. शिवाय मुलाचा स्वतःचा होकार लागतो: सात ते बारा या वयात तोंडी, बारा ते अठरा या वयात लेखी. म्हणजे आपल्या अभ्यासातल्या प्रत्येक मुलीमागे दोन सह्या हव्यात, एक घरच्यांची आणि एक तिची.

ही गोष्ट ज्या डॉक्टरला निबंध लिहिताना कळते, तिच्यापुढे चांगला मार्ग उरत नाही. मुली शाळेतून बाहेर पडल्या, रक्त तपासून झाले. आता पालकांना गाठून जुन्या तारखेच्या सह्या घेणे ही फसवणूकच आहे. समितीकडून मागाहून मान्यता घेऊ म्हटले तर आयसीएमआरच्या सूचनांप्रमाणे मान्यता संशोधन सुरू होण्याआधीच मिळालेली असावी लागते. आणि हे लपतही नाही. निरीक्षणात्मक अभ्यासात सहभागींची निवड कोणत्या काळात केली ते पद्धती विभागात लिहावे लागते. मान्यतेच्या पत्रावर तारीख असते. संपादकाने पत्राची प्रत मागितली आणि दोन तारखा शेजारी ठेवल्या की सगळे उघड होते.

हीच गोष्ट जिला सिनॉप्सिस लिहिताना कळते, ती वेळापत्रकच वेगळे आखते. दिवाळीच्या सुटीत मुलींना न्यायला पालक शाळेत येतात; संमतीपत्रके तेव्हा भरून घ्यायची, आणि रक्ततपासणी सुटीनंतर. संमतीपत्रक मराठीत, शिवाय तिथल्या बोलीत वाचून दाखवण्याची सोय करायची. सही न येणाऱ्या पालकाचा अंगठा घेताना अभ्यासाशी संबंध नसलेला एक साक्षीदार हजर ठेवायचा. ज्या मुलीचे हिमोग्लोबिन आठ ग्रॅमच्या खाली निघेल, म्हणजे तीव्र रक्तक्षय असेल, तिला कुठे पाठवायचे हे आधी ठरवून समितीला कळवायचे. यांतले काहीही अवघड नाही, फक्त आधी करायला हवे. नियतकालिकाच्या सूचनांमधला हा भाग खरे तर अभ्यासाच्या आराखड्याचाच भाग आहे. त्याला लेखनाचा नियम समजून शेवटी वाचणे हीच मूळ चूक.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. नैतिकता पाहायला संस्थेची समिती आहे. तिने पाहिले की झाले, नियतकालिकाचे नियम त्या वेळी कशाला वाचायचे? समिती चांगली चालत असेल तर संमतीच्या बाबतीत हा आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे. पण नियतकालिक काही गोष्टी अशा मागते की ज्या समिती आपणहून सुचवीलच असे नाही. त्यांतली सर्वांत मोठी म्हणजे डेटा.

‘प्लॉस’च्या नियतकालिकांनी मार्च 2014 पासून डेटाचे धोरण कडक केले. निबंधातले निष्कर्ष ज्या आकड्यांवर उभे आहेत, ते सगळे आकडे निबंध प्रसिद्ध होताना इतरांना उपलब्ध असले पाहिजेत. ते एखाद्या सार्वजनिक भांडारात ठेवावेत किंवा निबंधासोबत पुरवणी म्हणून द्यावेत, आणि कुठे आहेत ते एका निवेदनात लिहावे. आपल्याकडच्या निबंधांत सर्रास आढळणारे वाक्य, ‘डेटा मागणी केल्यास लेखकाकडून मिळेल’, इथे चालत नाही. सहभागींच्या खासगीपणामुळे डेटा उघडा ठेवता येत नसेल तर सूट आहे, पण त्यासाठी कारण द्यावे लागते. शिवाय डेटा कोणाकडे मागायचा, तर तो पत्ता लेखकाचा नव्हे, एथिक्स कमिटीसारख्या संस्थात्मक यंत्रणेचा लागतो. लेखक बदली होऊन जातो, ईमेल बंद पडतो, माणूस राहत नाही, संस्था राहते.

आपल्या अभ्यासात हा नियम कसा लागू होतो पाहा. डॉक्टरच्या एक्सेल फाइलमध्ये मुलींची नावे नाहीत, फक्त क्रमांक आहेत. तिला वाटते, झाले, फाइल निनावी आहे. पण स्तंभ आहेत: शाळा, वय, इयत्ता, मूळ गाव, जमात, पाळी सुरू झाल्याचे वय, हिमोग्लोबिन. लहान आश्रमशाळेत एका विशिष्ट पाड्यावरून आलेली पंधरा वर्षांची मुलगी एकच असू शकते. शाळेतल्या कोणाही शिक्षकाला ती ओळ कोणाची ते सांगता येईल. एकेकटी माहिती ओळख पटवत नाही, पण चार-पाच बाबी एकत्र आल्या की पटवते, आणि अशी फाइल उघडी ठेवू नये असे ‘प्लॉस’च्या सूचनाही सांगतात. म्हणून गावाचा स्तंभ काढायचा, वयाचे गट करायचे, शाळेच्या नावाऐवजी सांकेतिक अक्षर ठेवायचे, आणि इतके करूनही ओळख पटत असेल तर फाइल समितीच्या ताब्यात ठेवून तसे निवेदन द्यायचे.

यातही मागे जाऊन सुधारता न येणारी एक गोष्ट आहे. ‘तुमच्या मुलीची माहिती नाव काढून इतर संशोधकांना दिली जाऊ शकते’ हे वाक्य संमतीपत्रकात होते का? अनेक संमतीपत्रकांत उलटेच छापलेले असते: माहिती फक्त या संशोधकांपुरती राहील. पालकांना तसे वचन दिले असेल तर ते पाळायलाच हवे, आणि मग नियतकालिकाच्या अटीशी गाठ पडते. हे एक वाक्य आधी घातले की पुढचा पेच टळतो. ते घालायला हवे हे डेटा धोरण वाचूनच कळते, आणि ते वाचायची वेळ संमतीपत्रक छापण्याआधीची.

सुधारायला अवघड असलेली तिसरी गोष्ट म्हणजे लेखकांची नावे. ‘प्लॉस वन’ याबाबत वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या कसोट्या मानते. त्या चार आहेत: अभ्यासाच्या कल्पनेत, आराखड्यात, डेटा गोळा करण्यात किंवा त्याचा अर्थ लावण्यात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा त्यात महत्त्वाचे बौद्धिक बदल करण्यात वाटा, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि कामाबद्दल उत्तर देण्याची तयारी. चारही पूर्ण झाल्या तरच लेखक. विभागप्रमुख आहेत म्हणून, यंत्र त्यांच्या प्रयोगशाळेतले होते म्हणून किंवा पैसे मिळवून दिले म्हणून नाव घालता येत नाही. अशांचे आभार मानायचे, आणि तेही त्यांना विचारून.

सारांशात हा मुद्दा बहुधा ‘सर्व लेखकांची नावे व पत्ते द्यावेत’ इतकाच उतरतो. म्हणजे नियमातले काम करणारे अंगच गळून पडते. प्रत्यक्षात निबंध पाठवताना प्रत्येक लेखकापुढे त्याने काय केले हे ठरावीक भूमिकांच्या यादीतून निवडावे लागते: संकल्पना, डेटा गोळा करणे, विश्लेषण, मसुदा लिहिणे, देखरेख वगैरे. ही यादी निबंधासोबत छापली जाते. ज्या नावापुढे खरेपणाने काही निवडता येत नाही ते नाव तिथे नसावे, हे त्या क्षणी स्पष्ट होते. निबंध पाठवल्यावर नाव वाढवायचे किंवा काढायचे तर सर्व लेखकांची संमती लागते. नवख्या निवासी डॉक्टरला विभागप्रमुखांशी हा विषय काढणे किती अवघड जाते हे मला चांगले ठाऊक आहे. म्हणूनच हा नियम तिच्या कागदावर ठळक असावा. ‘सर, नियतकालिक असे म्हणते’ असे सांगता आले तर त्या बोलण्यातली व्यक्तिगत धार कमी होते. हे संभाषण थीसिस सुरू होताना झाले तर सोपे. निबंध तयार झाल्यावर ते भांडण होते.

इथवरचा भाग सारांशाच्या निम्म्याहून जास्त जागा घेईल, आणि ती त्याने घ्यावीच. उरलेले थोडक्यात होते.

लांबीचे पाहा. ‘प्लॉस वन’मध्ये एकूण निबंधाला शब्दमर्यादा नाही, आकृत्यांच्या संख्येलाही नाही. मर्यादा आहेत त्या शीर्षकाला अडीचशे अक्षरे, छोट्या शीर्षकाला शंभर अक्षरे आणि निबंधाच्या सारांशाला तीनशे शब्द. पण ‘शब्दमर्यादा नाही’ एवढेच कागदावर उतरवले की विद्यार्थी थीसिसचे पूर्वसाहित्याचे वीस पानांचे प्रकरण उचलून प्रस्तावनेत टाकतो. मूळ सूचनेत पुढे असेही म्हटले आहे की निष्कर्ष संक्षेपाने मांडावेत. मर्यादा नसणे ही सवलत आहे, आणि सवलत तिच्या अटीसकट सांगायला हवी.

मांडणीत लक्षात ठेवण्याजोगे थोडेच आहे. वर्ड फाइल, दुहेरी अंतर, पृष्ठक्रमांक, आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सलग चालणारे ओळक्रमांक. दर पानावर नव्याने सुरू होणारे क्रमांक चालत नाहीत, कारण परीक्षक ‘ओळ 214’ असे लिहितो आणि ती ओळ एकच असावी लागते. संदर्भ व्हँकुव्हर पद्धतीने, मजकुरात येतील त्या क्रमाने, चौकोनी कंसातल्या आकड्यांनी. तक्ते मजकुरातच, ज्या परिच्छेदात पहिला उल्लेख आला त्याच्या लगेच खाली. आणि ते वर्डमध्ये केलेले हवेत, चित्र म्हणून चिकटवलेले नकोत.

आकृत्यांपाशी मात्र बहुतेक नवखे अडखळतात. आकृतीचे शीर्षक आणि स्पष्टीकरण मजकुरात येते, पण खुद्द आकृती मजकुरात ठेवायची नसते. ती `Fig1.tif` अशा नावाने वेगळी चढवायची. ती टिफ किंवा ईपीएस प्रकारची, 300 ते 600 डीपीआयची हवी, रुंदी 19.05 सेंटीमीटरपेक्षा आणि उंची 22.23 सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. एक्सेलमधला आलेख स्क्रीनशॉट काढून टिफ म्हणून जतन केला की फाइलवर 300 डीपीआय लिहिलेले दिसते, पण चित्र धुरकट राहते. कमी ठिपक्यांचे चित्र ताणून त्यात तपशील येत नाही. आपली आकृती ठीक आहे का हे पाहायला एकच करा: फाइल उघडून चारशे टक्के मोठी करा. अक्षांवरची अक्षरे कडेला फुटलेली दिसली तर आलेख ज्या सॉफ्टवेअरमध्ये काढला तिथूनच पुन्हा, मोठ्या आकारात बाहेर काढा.

पाठवण्याची पायरी म्हणजे एक लांब ऑनलाइन फॉर्म. इथे नवख्याची चूक एकाच प्रकारची होते: माहिती बरोबर असते, जागा चुकते. आर्थिक मदतीचा तपशील सवयीने आभारात लिहिला जातो. ‘प्लॉस वन’ सांगते की तो निबंधाच्या फाइलमध्ये कुठेही नको, फक्त फॉर्ममध्ये भरा, आम्ही तिथून छापू. मदत मिळाली नसेल तर तसेही लिहायचे, रकाना रिकामा ठेवायचा नाही. हितसंबंधांचे तसेच: संघर्ष नसेल तर ‘नाही’ असे स्पष्ट नोंदवायचे. सोबतचे पत्र एका पानाचे. त्यात अभ्यासाचे योगदान काय, आधी प्रसिद्ध झालेल्या कामाशी त्याचे नाते काय, कोणता संपादक योग्य वाटतो, कोणता परीक्षक नको, हे लिहायचे. प्रकाशनशुल्क कमी करा अशी विनंती या पत्रात करू नये, अशी स्पष्ट सूचना आहे. तिची जागा फॉर्ममध्ये वेगळी आहे. निबंध योग्य की अयोग्य हे ठरवणाऱ्यापुढे पैशाचा प्रश्न येऊ नये, हे त्यामागचे सरळ कारण. पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाकडे ऑर्किड क्रमांक असावा लागतो. तो मोफत मिळतो, आणि काढायला फारसा वेळ लागत नाही.

आणि एक निबंध एका वेळी एकाच नियतकालिकाकडे. हा नियम सगळीकडे सारखा आहे. उत्तराला महिने लागतात म्हणून दोन ठिकाणी पाठवून ठेवणे आपल्याकडे अनेकांना शहाणपणाचे वाटते. दोन्हीकडचे परीक्षक त्याच विषयातले, कधी कधी तेच असतात, तेव्हा ते उघडकीला येते. परिषदेत वाचलेला गोषवारा किंवा परीक्षणाआधी खुला केलेला मसुदा मात्र ‘प्लॉस वन’ आड येऊ देत नाही.

आता ज्यांना सारांश ही कल्पनाच मान्य नाही त्यांच्याविषयी. काही जुने प्राध्यापक ठामपणे सांगतात की विद्यार्थ्याने मूळ सूचनाच वाचाव्यात, सारांशाने आळस वाढतो. त्यांची काळजी खरी आहे, उपाय मात्र चालत नाही. मूळ सूचना लांबलचक आहेत आणि त्या एका जागी नाहीत: डेटाचे धोरण वेगळे, लेखकत्वाचे वेगळे, मानवी सहभागींवरील संशोधनाचे वेगळे, आकृत्यांचे वेगळे. इंग्रजी कायदेशीर वळणाची. नवखा विद्यार्थी त्यांतले जे ओळखीचे आणि सोपे तेच आधी वाचतो, म्हणजे फाँट आणि संदर्भ. संमती आणि डेटा राहून जातात. सारांश न देणे म्हणजे त्याला त्याच्या सवयीच्या क्रमावर सोडून देणे, आणि तो क्रम नेमका उलटा असतो.

पण सारांश करणाऱ्यावर मग जबाबदारी येते. मूळ सूचनांत वेगवेगळ्या ताकदीची वाक्ये असतात. काही गोष्टी केल्याच पाहिजेत, काही केल्या तर बरे, काहींना मुभा आहे. सारांशात हे सगळे एकाच ‘करावे’त मिसळले की विद्यार्थी संपादकाचे नाव सुचवायचे राहिले म्हणून रात्रभर घाबरतो आणि संमतीचा तपशील न लिहिता निवांत झोपतो. म्हणून सारांशातही ‘हवेच’, ‘असल्यास बरे’ आणि ‘चालेल’ वेगळे दिसले पाहिजेत. अपवादही अटीसकट यावा: ‘डेटा उघडा हवाच, सहभागींची ओळख पटत असेल तर नको, पण तेव्हा कारण आणि संस्थेचा पत्ता हवा.’ आणि कोणत्या तारखेला सूचना वाचल्या ती तारीख कागदावर हवी, कारण हे नियम बदलतात. पाच वर्षांपूर्वीचा कागद आजही विभागात फिरत असतो आणि त्यावर तारीख नसल्याने तो कोणाला जुना वाटत नाही.

एका नियतकालिकाचा कागद दुसऱ्याला लावू नये हेही त्यावरच लिहावे. ‘प्लॉस वन’मध्ये परीक्षकांना लेखकांची नावे दिसतात, त्यामुळे ती निबंधाच्या पहिल्या पानावर असतात. आपल्याकडची अनेक वैद्यकीय नियतकालिके नावांचे पान वेगळ्या फाइलमध्ये मागतात आणि मजकुराच्या फाइलमध्ये लेखकाची किंवा संस्थेची ओळख पटेल असे काही ठेवू देत नाहीत. तिथे पद्धती विभागात महाविद्यालयाचे नाव राहिले तर निबंध परत येतो. डॉक्टरने नियतकालिक बदलले तर कागदाचा खालचा, मांडणीचा आणि पाठवण्याचा भाग पूर्ण बदलावा लागेल. वरचा भाग, म्हणजे समिती, संमती, डेटा आणि लेखकत्व, बहुतांशी तसाच राहील. अभ्यास सुरू होण्याआधी कोणते नियतकालिक हे ठरलेले नसले तरी हा वरचा भाग तेव्हाच वाचता येतो.

पदव्युत्तर गाइडना माझी विनंती आहे. हा कागद थीसिस जमा झाल्यावर देऊ नका. विद्यार्थी सिनॉप्सिस घेऊन पहिल्यांदा तुमच्या खोलीत येईल, त्या दिवशी द्या. एथिक्स कमिटीकडे अर्ज जाण्याआधी त्यातला वरचा भाग त्याच्यासोबत बसून, त्याच्या संमतीपत्रकाचा मसुदा शेजारी ठेवून वाचा. खालचा भाग तो नंतर स्वतः वाचेल.